फोन नंबराला ताळा नसतो

ग्रंथालयातले एखादे नवे पुस्तक पालथे केले, तर मलपृष्ठावर तेरा आकड्यांचा आयएसबीएन क्रमांक दिसतो. त्यातला शेवटचा आकडा ताळ्याचा असतो. आधीच्या बारा आकड्यांवरून तो ठराविक हिशेबाने काढलेला असल्यामुळे, उतरवून घेताना एखादा आकडा चुकला की ताळा जमत नाही आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडते. फोनच्या नंबरात अशी सोय नाही. एक आकडा चुकला तरी उरलेला नंबर दिसायला निर्दोषच असतो. फरक इतकाच, की तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

व्हिजिटिंग कार्डांचे फोटो काढून त्यांवरून नावा-नंबरांची यादी करणाऱ्याची खरी अडचण ही आहे. वाङ्मय मंडळासारख्या मंडळाचे चिटणीस दरवर्षी बदलतात. पाहुण्या वक्त्यांची यादी मात्र एकाकडून दुसऱ्याकडे तशीच जाते. तीत एकदा शिरलेला चुकीचा नंबर कुणी तपासत नाही. निमंत्रण जायचे त्यांना जात नाही, आणि भलत्याच गृहस्थांना दर वर्षी फोन जातो. तेव्हा प्रश्न असा, की जो ताळा नंबरात नाही तो कार्डावर अन्यत्र कोठे सापडेल?

प्रथम फोटोविषयी. कार्ड साधारण साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद असते. अक्षरे वाचणाऱ्या संगणकीय साधनाला इंचामागे निदान ३०० ठिपके लागतात, म्हणजे कार्डाच्या लांबीवर हजारभर. कार्डाने चौकट भरून टाकली, तर आजचा कोणताही मोबाइल याहून कितीतरी अधिक ठिपके देतो. बिघडते ते चकाकीने. गुळगुळीत कार्डावर फ्लॅश पडला की शिरोरेषेवरचे अनुस्वार पुसले जातात आणि 'शिंदे' यांचे 'शिदे' होतात. म्हणून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून फोटो घ्यावा. आणि दोन्ही बाजूंचे दोन वेगळे फोटो घ्यावेत.

वाचनासाठी टेसरॅक्ट हे साधन विनामूल्य मिळते. ते मूळ ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्याला मराठी आणि इंग्रजी एकदमच वाचायला सांगता येते. पण कार्डांच्या बाबतीत प्रत्येक बाजू तिच्या भाषेत वेगळी वाचून घेणे बरे:

```
tesseract marathi.jpg marathi -l mar
tesseract english.jpg english -l eng
```

याचे कारण आकड्यांच्या आकृतीत आहे. देवनागरी शून्य, दोन आणि तीन हे इंग्रजी आकड्यांसारखेच दिसतात, तेथे घोटाळा होत नाही. परंतु देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. साधन इंग्रजीच्या समजुतीने मराठी ओळ वाचू लागले, की ही अदलाबदल होण्याचा संभव असतो.

आता एक कल्पित कार्ड घेऊ. गाव सातारा, नाव प्रा. द. रा. कुलकर्णी. मधले काही आकडे फुल्यांनी झाकले आहेत. मराठी बाजूवर असे छापले आहे:

कार्यालय : (०२१६२) २३××४१/४२
निवास : २३××१८
मो. : ९८×××××१४१

दुसऱ्या बाजूवर हाच मजकूर इंग्रजीत आहे. समजा, मराठी बाजू वाचताना साधनाने मोबाइलच्या शेवटच्या १४१ चे ९८९ केले. तिन्ही आकडे चुकले, तरी एकूण आकडे दहाच आहेत आणि सुरुवातही नऊने आहे, त्यामुळे नुसत्या नजरेला संशय येत नाही. मात्र इंग्रजी बाजूवरून वाचलेला नंबर शेजारी ठेवला, की दोन्ही जुळत नाहीत आणि चूक कळते. दुभाषी कार्डाचा हा मोठाच फायदा आहे: एकच नंबर दोन लिप्यांत छापलेला असतो, आणि एका लिपीत फसवणारी आकृती दुसऱ्या लिपीत फसवत नाही. हाच आपला पहिला ताळा.

दुसरा ताळा मोजणीचा. भारतात आरंभीचे शून्य सोडले, तर गावाचा कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा आकडे होतात. पुण्याचा कोड २०, म्हणून तेथील नंबर आठ आकडी; कोल्हापूरचा २३१, म्हणून सात आकडी; साताऱ्याचा २१६२, म्हणून सहा आकडी. मोबाइलही दहा आकडीच असतो आणि त्याची सुरुवात सहा ते नऊ यांपैकी एखाद्या आकड्याने होते. आपल्या कार्डावरील निवासाच्या नंबराला कोडच नाही. पण तो सहा आकडी आहे आणि पत्ताही साताऱ्याचाच आहे, म्हणून वरच्या ओळीतला कोड त्याला लावता येतो. तोच नंबर आठ आकडी असता, तर घर साताऱ्यात नाही असे ओळखून थांबले पाहिजे.

तिरप्या रेघेचेही असेच आहे. '४१/४२' म्हणजे शेवटचे दोन आकडे बदलून होणारा दुसरा पूर्ण नंबर. रेघेनंतर जितके आकडे, तितकेच आधीच्या नंबराच्या शेवटून काढायचे. यादीत मात्र हे संक्षेप ठेवू नयेत. प्रत्येक नंबर पूर्ण आणि स्वतंत्र ओळीत लिहावा.

नावाच्या बाबतीत न्याय उलटा आहे. इंग्रजीतल्या के, ए, एल, ई या चार अक्षरांतून 'काळे' निघतात की 'काले', हे इंग्रजी बाजू सांगू शकत नाही. म्हणून नाव मराठी बाजूवरून घ्यावे. आद्याक्षरे मनाने फोडू नयेत; 'द.' म्हणजे दत्तात्रय, दिगंबर की दामोदर हे कार्डाने सांगितलेले नाही. इंग्रजी रूप वेगळ्या रकान्यात जोडावे, म्हणजे कोणत्याही लिपीत शोधले तरी नोंद हाती लागेल. मोबाइलला समजणाऱ्या व्हीकार्ड पद्धतीत आपली नोंद अशी होईल:

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:कुलकर्णी;द.;रा.;प्रा.;
FN:प्रा. द. रा. कुलकर्णी
NICKNAME:D. R. Kulkarni
TEL;TYPE=WORK:+91216223XX41
TEL;TYPE=WORK:+91216223XX42
TEL;TYPE=HOME:+91216223XX18
TEL;TYPE=CELL:+9198XXXXX141
END:VCARD
```

आडनाव आधी, मग नाव, मग मधले नाव आणि शेवटी उपाधी, हा क्रम ठरलेला आहे. 'प्रा.' आपल्या रकान्यात राहिले, की यादी आडनावानुसार लागते. नाही तर सारे प्राध्यापक 'प' मध्ये गोळा होतात. आकडे इंग्रजी लिपीत आणि भारताच्या ९१ या कोडासह ठेवावेत.

या दोन्ही ताळ्यांना मर्यादा आहेत. मुद्रकाला दिलेला मजकूरच चुकीचा असेल, तर दोन्ही बाजूंवर तीच चूक सारखी छापली जाते. नंबर बदलला असेल, तर कार्डाला ते ठाऊक नसते. पुष्कळदा छापील नंबर खोडून शेजारी शाईने नवा लिहिलेला असतो. तो साधनाला नीट वाचता येत नाही, पण खरा तोच असतो. म्हणून फोटो पुसून टाकू नये. नोंद झाल्यावर एकदा कार्यालयाच्या नंबरावर फोन करून खात्री करावी आणि त्या दिवसाची तारीख नोंदीत लिहावी. पुढच्या चिटणीसाला निदान हे तरी कळेल, की नंबर कधीपर्यंत खरा होता. निवासाचा नंबर मात्र विचारल्यावाचून सर्वांच्या यादीत घालू नये. कार्ड देणाऱ्याने तो एकाच्या हाती दिलेला असतो, मंडळाच्या फलकावर लावण्यासाठी नव्हे.