शाफ्टच्या पोटातले पोलाद किती कामाचे?

मालट्रकच्या गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जो लांब दांडा फिरत असतो, तो प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाचा जोर याच दांड्यातून मागच्या चाकांकडे जातो आणि त्या जोराने दांडा सतत पिळला जात असतो. इतका पीळ सोसणारा दांडा भरीवच असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा पोकळ नळी असतो. हे कसे चालते, याचे उत्तर गोल छेदाच्या एका राशीत आहे. इंजिनिअरिंगच्या वर्गात तिला ‘पोलर मोमेंट’ म्हणतात आणि J या अक्षराने लिहितात.

शाफ्टचे एक टोक घट्ट धरून दुसरे पिळले, की गोल छेदावरची प्रत्येक त्रिज्या सारख्याच कोनातून वळते. केंद्राजवळचा कण त्यामुळे थोडासाच सरकतो आणि दुप्पट अंतरावरचा कण दुप्पट सरकतो. पोलाद लवचिकतेच्या मर्यादेत असेपर्यंत जेवढे सरकणे तेवढा ताण, म्हणून ताणही केंद्रापासूनच्या अंतराच्या, म्हणजे r च्या, प्रमाणात वाढतो. हा झाला पहिला r. शिवाय कण जितका लांब, तितकी त्याच्या जोराला तरफ मोठी मिळते. हा दुसरा r. म्हणून पिळाला विरोध करण्यात क्षेत्रफळाच्या प्रत्येक कणाचा वाटा r² dA एवढा असतो आणि या सगळ्या वाट्यांची बेरीज म्हणजे J.

ही बेरीज करायची तर छेदाचे तुकडे शहाणपणाने पाडावे लागतात. उभ्याआडव्या पट्ट्या पाडल्या, तर एकाच पट्टीत r बदलत राहतो. त्याऐवजी छेद एकात एक बसलेल्या पातळ बांगड्यांचा बनला आहे असे समजू. एका बांगडीवरचे सगळे कण केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात. तिची लांबी म्हणजे परीघ 2πr आणि जाडी dr, म्हणून क्षेत्रफळ 2πr dr. परिघातून तिसरा r आला. आता केंद्रापासून बाहेरच्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे 0 पासून R पर्यंत, संकलन करू:

J = ∫ r² · 2πr dr = 2π ∫ r³ dr = 2π · R⁴/4 = πR⁴/2

संकलनाने चौथा r दिला. व्यास D घेतला तर हेच सूत्र J = πD⁴/32 असे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांनी १७८४ मध्ये धातूच्या तारा पिळून हाच नियम दाखवला होता: पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो.

आता ५० मिमी व्यासाचा भरीव शाफ्ट घ्या. त्याचा J सुमारे ६,१३,६०० मिमी⁴ येतो. त्याच्या मधोमध २५ मिमीचे आरपार भोक पाडले, तर भोकाचा व्यास बाहेरच्या व्यासाच्या निम्मा झाला. निम्म्याचा चौथा घात म्हणजे सोळावा भाग, म्हणून J फक्त सव्वासहा टक्क्यांनी घटून सुमारे ५,७५,२०० मिमी⁴ होतो. वजन मात्र पाव हिश्शाने कमी झाले. १,००० न्यूटन-मीटर टॉर्क लावला, तर भरीव शाफ्टच्या पृष्ठभागावर सुमारे ४०.७ मेगापास्कल ताण येतो आणि पोकळ शाफ्टवर ४३.५. म्हणजे मधले पोलाद वजनात पाव हिस्सा घेते, पण पिळाशी झुंजताना जवळजवळ रिकामे बसते.

हे गणित करताना दोन चुका नेहमी होतात. πR⁴/2 या सूत्रात R च्या जागी व्यास घातला, तर उत्तर सोळापट फुगते. दुसरी चूक पोकळ शाफ्टची. तिथे D⁴ − d⁴ करायचे असते, पण घाईत (D − d)⁴ केले जाते. वरच्या उदाहरणात त्याने J मूळच्या पंधरा-षोडशांशाऐवजी एक-षोडशांश येईल. भोक पाडल्यावर J चे असे मोठे पतन दिसले, की आधी वजाबाकी तपासावी.

सूत्राला मर्यादाही आहे. गोल छेद पिळल्यावर सपाट राहतो, हा त्याचा पाया आहे. चौकोनी दांड्याचा छेद पिळल्यावर वाकडातिकडा होतो आणि त्याचा खरा ताठपणा r² च्या बेरजेने येणाऱ्या उत्तरापेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरतो. नळीला लांबीभर चीर गेली, तर तिचा बहुतेक सगळा ताठपणा जातो, मग J कागदावर कितीही दिसो. भिंत फारच पातळ केली, तर नळी पिळून चेपतेही.

म्हणून वजन वाचवायचे असेल, तर पोलाद शाफ्टच्या मध्यातून काढावे आणि कडेला ठेवावे. मात्र कडेची भिंत पुरेशी जाड आणि अखंड असलीच पाहिजे.