चटणी एक, बाजार दोन, भाव किती?

गटाच्या बैठकीत माल विकायचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "शहरात आपल्या पाकिटाला जास्त भाव मिळतो, मग सगळाच माल शहरात का पाठवू नये?" त्याच्या पाठोपाठ दुसरी ताई विचारते, "तीच चटणी इथे स्वस्त आणि तिथे महाग, हे बरोबर आहे का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच हिशेबात सापडतात. तो हिशेब आज आपण मांडणार आहोत. वही-पेन जवळ घेऊन बसा.

समजा, एक गट शेंगदाण्याची चटणी करतो. दाणे, लसूण, मिरची, कांडप, पाकीट आणि पोचवणं मिळून एका पाकिटाला ४० रुपये पडतात. समजायला सोपं जावं म्हणून दोन्ही ठिकाणी खर्च सारखाच धरू. एक बाजार तालुक्याचा आठवडी बाजार. दुसरं गिऱ्हाईक शहरातल्या एका वसाहतीतलं, तिथल्या बायका दर आठवड्याला मिळून मागणी कळवतात. गटाने काही आठवडे भाव बदलून पाहिले आणि किती पाकिटं गेली ते वहीत लिहिलं.

आठवडी बाजारात ७० रुपये भाव ठेवला तर २० पाकिटं जातात. ६५ ला ३०, ६० ला ४० आणि ५५ ला ५०. म्हणजे पाच रुपये उतरवले की दहा पाकिटं वाढतात.

शहरात ८५ ला ३५ पाकिटं जातात, ८० ला ४०, ७५ ला ४५, ७० ला ५०, ६५ ला ५५. तिथे पाच रुपये उतरवले तर पाचच पाकिटं वाढतात.

आधी पहिला प्रश्न सोडवू. शहरात ८० ला ४० पाकिटं जातात, त्याचे ३२०० रुपये होतात. आता बाजार बंद केला आणि ८० पाकिटं शहरातच पाठवली, तर काय होईल? तेवढी खपवायची तर याच चालीने भाव ४० रुपयांपर्यंत खाली आणावा लागेल. ८० पाकिटं गुणिले ४० रुपये, म्हणजे पुन्हा ३२०० च! दुप्पट माल केला, दुप्पट कांडलं आणि हातात पैसे तेवढेच. जास्तीचं पाकीट विकायला भाव उतरवावा लागतो आणि तो आधीच्या सगळ्या पाकिटांवरही उतरतो, हे त्याचं कारण.

म्हणून पाकिटाचा भाव किती, एवढंच पाहून चालत नाही. शेवटच्या जास्तीच्या पाकिटाने एकूण गल्ल्यात किती भर पडली, ते पाहायचं. पुस्तकात याला सीमांत प्राप्ती म्हणतात. आपण तिला 'शेवटच्या पाकिटाची भर' म्हणू. शहरात ७० चा भाव ६५ केला, तर गल्ला ३५०० वरून ३५७५ होतो. पाच पाकिटांनी ७५ रुपये आणले, म्हणजे एकेका पाकिटाची भर फक्त १५ रुपये. विकलं ६५ ला, पण गल्ल्यात पडले १५.

आता दोन्हीकडे एकच भाव ठेवून सुरुवात करू. ६० ठेवला तर १०० पाकिटं जातात आणि नफा २००० होतो. ७० ठेवला तर ७० पाकिटं जातात, नफा २१००. मधला ६५ चा भाव सगळ्यांत बरा. बाजारात ३० आणि शहरात ५५, अशी ८५ पाकिटं जातात. प्रत्येकामागे २५ रुपये सुटतात, म्हणजे आठवड्याला २१२५ रुपये.

याच ८५ पाकिटांतली दहा पाकिटं शहराच्या खोक्यातून काढून बाजाराच्या टोपलीत ठेवू. शहरात ४५ उरली, ती ७५ रुपये भावाने जातील. गल्ला ३५७५ वरून ३३७५ होईल, म्हणजे २०० रुपये घटले. बाजारात ४० झाली, ती खपवायला भाव ६० करावा लागेल. तिथला गल्ला १९५० वरून २४०० होईल, म्हणजे ४५० वाढले. एकही पाकीट जास्त न करता २५० रुपये जास्त आले.

अजून एक पायरी आहे. शहरातली ४५ पाकिटं ४० वर आणली आणि भाव ८० केला, तर गल्ला १७५ रुपयांनी घटतो, म्हणजे पाकिटामागे ३५. पण ते पाकीट करायला आपल्याला ४० लागतात! ३५ आणणाऱ्या पाकिटावर ४० का खर्चायचे? ती पाच पाकिटं करायचीच नाहीत. २०० चा खर्च वाचला, १७५ ची विक्री गेली, २५ रुपये उरले.

आता थांबायचं का? ताळा करून पाहू. बाजारातून आणखी दहा पाकिटं काढली तर पाकिटामागे ४५ रुपये जातात. शहरातून पाच काढली तरी पाकिटामागे ४५ च जातात. बाजारात दहा वाढवली तर पाकिटामागे ३५ येतात, शहरात पाच वाढवली तरी ३५ च. दोन्हीकडे शेवटच्या पाकिटाची भर सारखी झाली, आणि तीही आपल्या ४० रुपये खर्चाच्या आसपास. आता माल इकडून तिकडे हलवून काही मिळत नाही. हीच थांबायची खूण.

हिशेब असा झाला: बाजारात ६० ने ४० पाकिटं, शहरात ८० ने ४० पाकिटं. नफा २४००. एकाच भावाच्या मानाने आठवड्याला २७५ रुपये जास्त, आणि काम पाच पाकिटांनी कमी.

दोन्हीकडे भर सारखी झाली, पण भाव सारखे झाले नाहीत, हे लक्षात आलं का? बाजारात चटणी ६० वरून ६५ केली तर ४० पैकी दहा पाकिटं गळतात, म्हणजे चौथा हिस्सा. बाजारातल्या बाईला घरी खलबत्ता आहे, शेजारच्या पालावर दुसरी चटणी आहे. तिची मागणी लवचीक आहे, भाव वाढला की लगेच वाकते. शहरात ८० चे ८५ केले तर ४० पैकी पाचच गळतात, आठवा हिस्सा. कांडलेली चटणी त्यांना दुसरीकडे सहज मिळत नाही. त्यांची मागणी ताठ आहे. मागणी जिथे ताठ, तिथे भाव चढा, आणि जिथे लवचीक, तिथे उतरता. शहरवाले श्रीमंत आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या दारात तशीच चटणी विकणारे चार गट आले, तर श्रीमंत गिऱ्हाईकही लवचीक होतं आणि ८० चा भाव टिकत नाही.

गिऱ्हाइकांचे असे गट पाडून वेगळा भाव लावण्याला अर्थशास्त्रात तिसऱ्या प्रकारचा मूल्यभेद म्हणतात. हे नाव पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दिलं. पुढे १९३३ मध्ये जोन रॉबिन्सन या बाईंनी दोन बाजारांचा हिशेब त्यांच्या पुस्तकात नीट उलगडून दाखवला. पण दोन भाव दिसले की तो मूल्यभेदच असतो, असं नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण उरलेली रक्कम शासन महामंडळाला भरून देतं. ती सरकारी सवलत झाली. तसंच, शहरात पोचवायला पाकिटामागे दहा रुपये जास्त लागत असतील आणि भाव तेवढ्यापुरताच जास्त असेल, तर तो वाहतुकीचा खर्च झाला. आपला हिशेब करताना असा जादा खर्च शहराच्या भरीतून आधी वजा करायचा आणि मग दोन्ही भरी ताडून पाहायच्या.

हे गणित कुठे फसतं, तेही ऐका. पहिली गोष्ट म्हणजे गळती. एखादा माणूस बाजारातून ६० ला वीस पाकिटं उचलायला लागला, तर समजा की ती शहरात ७० ला चालली आहेत. मग शहरातली आपली मागणी कमी होते आणि बाजारात खप उगाच वाढलेला दिसतो. एका गिऱ्हाइकाला चार-पाचच पाकिटं द्या, किंवा बाजारात चटणी सुटी मोजून विका आणि शहराला बंद पाकीट द्या.

दुसरी गोष्ट छापील किमतीची. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, कमी घेता येतो. म्हणून ६० छापून शहरात ८० मागणं बेकायदा आहे. ८० छापा आणि बाजारात ६० ला द्या. सारख्याच पाकिटांवर दोन वेगळ्या किमती छापू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे खोटी नोंद. दिवाळीच्या आठवड्यात भाव वाढवला आणि तरी माल खपला, म्हणून मागणी ताठ आहे असं ठरवू नका, ती सणाची गर्दी होती. आणि माल दुपारीच संपला असेल, तर त्या दिवशीचा आकडा मागणीचा नाही, तुम्ही नेलेल्या टोपलीचा आहे. साधे आठवडे निवडा, दोन आठवडे एक भाव, दोन आठवडे दुसरा, आणि थोडा माल उरेल इतका न्या.

आता दुसऱ्या ताईचा प्रश्न, हे बरोबर आहे का? एकच भाव ६५ ठेवला असता तर बाजारातल्या बाईला पाच रुपये जास्त पडले असते आणि दहा पाकिटं कमी गेली असती. शहरातल्या बाईला आता पंधरा रुपये जास्त पडतात आणि तिकडे पंधरा पाकिटं कमी जातात. तिचा तोटा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण तिला 'नको' म्हणता येतं, आणि चटणीवाचून कुणाचं अडत नाही. औषधासारख्या अडलेल्या वस्तूची मागणीही ताठच असते, तिथे मात्र हे गणित वापरलं की गरजवंताची लूट होते. आणि एकाच बाजारात, एकाच दिवशी, तोंड बघून भाव सांगू नका. दोन बायका बाजूबाजूला उभ्या असतात, भाव लगेच कळतो आणि दोघीही पुन्हा येत नाहीत.

पुढच्या बैठकीआधी वहीत दोन पानं आखा, एक बाजाराचं, एक शहराचं. प्रत्येक पानावर तीन रकाने ठेवा: भाव, गेलेली पाकिटं, गल्ला. दोन ओळी भरल्या की गल्ल्यातला फरक पाकिटांतल्या फरकाने भागा. जिथे भर जास्त येईल, तिकडे पुढच्या खेपेला थोडी पाकिटं वाढवा. जिथे ती खर्चाच्याही खाली असेल, तिथे थोडी कमी करा.