उधारीचा माल आणि ताळेबंदाच्या दोन बाजू

घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो किराणा दुकानापुढे थांबतो, तेलाचे वीस डबे उतरतात, हमाल चलनावर सही घेऊन निघून जातात. गल्ल्यातली एक नोटही हललेली नसते, कारण पैसे महिन्याभराने द्यायचे ठरलेले आहेत. मग आज वहीत लिहायचं काय? पुष्कळ लहान दुकानदार म्हणतात, काहीच नाही. पैसे देऊ तेव्हा लिहू. हिशेब बिघडायला सुरुवात होते ती इथेच, आणि हा बिघाड वर्ष सरेपर्यंत दिसत नाही.

हिशेबाचं मूळ समीकरण अकरावीच्या पुस्तकात एका ओळीत असतं: मालमत्ता = देणी + भांडवल. ही ओळ पाठ असलेल्यांनाही ती कशामुळे खरी ठरते हे पटकन सांगता येत नाही. कारण असं, की हिशेबात दुकान आणि दुकानदार या दोन वेगळ्या व्यक्ती धरतात. दुकानात जे काही आहे, म्हणजे रोकड, माल, फर्निचर, गिऱ्हाइकांकडची येणी, त्यातलं दुकानाचं स्वतःचं असं काही नसतं. प्रत्येक रुपयावर कोणाचा तरी हक्क असतो. बाहेरच्यांचा हक्क म्हणजे देणी. ती वजा जाऊन उरतो तो मालकाचा हक्क, म्हणजे भांडवल. समीकरणाची डावी बाजू वस्तू मोजते आणि उजवी बाजू त्याच वस्तूंवरचे हक्क मोजते. एकच ढीग दोन अंगांनी मोजलेला असल्यामुळे बेरीज वेगळी येण्याचा प्रश्नच नसतो.

आता डबे उतरण्याआधीचं दुकान पाहू. रोकड आणि बँकेत मिळून ६०,००० रुपये, माल १,८०,०००, फर्निचर ९०,००० आणि गिऱ्हाइकांकडून येणं ३०,०००. एकूण मालमत्ता ३,६०,०००. यातले एक लाख बँकेच्या कर्जाचे आहेत, म्हणून मालकाचं भांडवल २,६०,०००.

तेलाचा डबा २,००० रुपयांना पडला असं धरू. वीस डब्यांचे ४०,००० आणि त्यावर पाच टक्के जीएसटी २,०००, म्हणून बिल ४२,००० रुपयांचं. दुकान जीएसटीच्या नेहमीच्या योजनेत असेल, तर हे २,००० रुपये तेलाच्या किमतीत धरत नाहीत. पुढे विक्रीवर जो कर सरकारला भरायचा त्यातून ते वळते करून घेता येतात, म्हणून ते सरकारकडून येणं ठरतं आणि मालमत्तेत बसतं. (कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला ही वळती मिळत नाही, तिथे तेल थेट ४२,००० रुपयांचं धरायचं.) डावीकडे माल ४०,००० रुपयांनी वाढला आणि कराचं येणं २,००० रुपयांनी. उजवीकडे घाऊक व्यापाऱ्याचं देणं ४२,००० रुपयांनी वाढलं. मालमत्ता ४,०२,००० झाली. देणी १,४२,००० आणि भांडवल पहिल्याइतकंच, २,६०,०००.

भांडवल जागचं हललं नाही, आणि ते हलायला नकोच होतं. उधारीने माल घेतल्यावर दुकान भरलेलं दिसतं, फळीवर डब्यांची रांग लागते, पण मालक एका रुपयानेही श्रीमंत झालेला नसतो आणि गरीबही झालेला नसतो. आलेल्या प्रत्येक डब्याच्या मागे त्याच किमतीचा व्यापाऱ्याचा हक्कही आत आला आहे. रोखीने खरेदी केली असती तर माल वाढला असता आणि रोकड तेवढीच घटली असती. फेरफार डावीकडच्या डावीकडे झाला असता. उधारीच्या खरेदीत दोन्ही बाजू एकदम फुगतात. दोन्ही व्यवहारांत भांडवलाला धक्का लागत नाही.

वहीत ही नोंद तीन ओळींत बसते. खरेदी खाते नावे ४०,०००, कराचे येणे नावे २,०००, व्यापाऱ्याचे खाते जमा ४२,०००. नोंद तीन खात्यांची असो वा पाच खात्यांची, नावे आणि जमा यांच्या बेरजा सारख्या आल्या की झालं. व्हेनिसचे व्यापारी हीच पद्धत वापरत होते. लुका पाचिओली या गणितज्ञ धर्मगुरूने ती १४९४ साली आपल्या गणिताच्या ग्रंथात छापून मांडली. त्याने व्यापाऱ्याला पहिलं काम सांगितलं ते आपल्याकडच्या सगळ्या वस्तूंची, येण्यांची आणि देण्यांची यादी करण्याचं. ही यादी किती महत्त्वाची ते पुढे दिसेलच.

डबे उघडून पाहिल्यावर दोन गळके निघाले आणि परत पाठवले, असं समजू. परतीची किंमत करासह ४,२०० रुपये. माल ४,००० रुपयांनी घटला, कराचं येणं २०० रुपयांनी, आणि व्यापाऱ्याचं देणं ४,२०० रुपयांनी. आता मालमत्ता ३,९७,८०० आणि देणी १,३७,८००. भांडवल अजूनही २,६०,०००. नोटा अजून मोजायच्याच आहेत, तरी देणं कमी झालं. व्यापाऱ्याचं देणं केवळ पैसे देऊनच फिटतं असं नाही, हे नवख्याला इथे कळतं.

भांडवल पहिल्यांदा हलतं ते विक्रीच्या वेळी. दहा डबे प्रत्येकी २,१५० रुपयांना रोख विकले. विक्रीवरचा कर सोयीसाठी बाजूला ठेवू. तो गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला द्यायचा असतो, त्याचा नफ्याशी संबंध नाही. माल २०,००० रुपयांनी घटला, रोकड २१,५०० रुपयांनी वाढली. डावी बाजू १,५०० रुपयांनी वर गेली. या १,५०० रुपयांवर हक्क कोणाचा? घाऊक व्यापाऱ्याला त्याची ठरलेली रक्कमच मिळणार, बँकेलाही तिचं कर्जच. उरला मालक. भांडवल २,६१,५०० झालं आणि दोन्ही बाजू ३,९९,३०० वर जुळल्या.

शेवटी महिना भरतो आणि व्यापाऱ्याचे उरलेले ३७,८०० रुपये दिले जातात. रोकड घटते, देणं मिटतं. मालमत्ता ३,६१,५००, त्यात बँकेचे एक लाख आणि मालकाचे २,६१,५००. पैसे दिल्याने नफा कमी झाला नाही, कारण तो खर्च नव्हता, आधीच लिहिलेलं देणं फेडणं होतं. खरेदीच्या दिवशी नोंद न करता पैसे देण्याच्या दिवशी करणाऱ्याच्या हिशेबात हे सगळं एकात एक मिसळतं: डबे येतात, विकले जातात, विक्री नफ्यासारखी दिसते, आणि महिन्याअखेर एकदम मोठा खर्च झाल्यासारखं वाटतं. उधारी फार लांबवण्याची एक वेगळी अडचणही आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत व्यापाऱ्याला पैसे दिले नाहीत, तर वळता करून घेतलेला कर व्याजासह परत करावा लागतो. पुढे पैसे दिल्यावर तो पुन्हा घेता येतो, पण व्याज जातं ते जातंच.

इथवर सगळं सरळ आहे. अवघड भाग येतो मार्चअखेर. डबे २८ मार्चला आले, चलनावर सही झाली, पण बिल खणात राहिलं आणि एप्रिलमध्ये वहीत चढलं, असं समजा. ३१ मार्चला माल मोजला जातो. मोजणाऱ्याला बिलाशी देणंघेणं नसतं. तो फळीवर दिसलेले वीस डबे मोजतो आणि ४०,००० रुपये शिल्लक साठ्यात धरतो. व्यापाऱ्याचं देणं मात्र वहीत नाही. आता ताळेबंद जुळणार नाही असं वाटेल. पण तो बिनचूक जुळतो.

असं होतं, कारण शिल्लक साठ्याची नोंदही दुहेरी असते. साठा एकीकडे ताळेबंदात मालमत्ता म्हणून जातो आणि दुसरीकडे व्यापार खात्यात जमा होऊन विकलेल्या मालाचा खर्च कमी करतो. खरेदी लिहिलेलीच नसल्यामुळे इथे तो ४०,००० रुपयांनी जास्तच कमी होतो. खर्च कमी दिसला की नफा वाढतो, आणि नफा जाऊन बसतो भांडवलात. व्यापाऱ्याच्या हक्काची रक्कम मालकाच्या नावावर चढते आणि दोन्ही बाजू तशाच सारख्या दिसतात. मालकाला वाटतं वर्ष चांगलं गेलं, आणि न कमावलेल्या नफ्यावर तो प्राप्तिकरही भरतो. पुढच्या वर्षी बिल चढतं, तेव्हा विनाकारण नफा ४०,००० रुपयांनी खाली येतो.

उलटही होतं. बिल ३० मार्चचं, वहीत चढलेलं, पण डबे अजून वाटेत किंवा मागच्या गोदामात न मोजलेले. मग देणं आहे आणि माल नाही. नफा तेवढ्यानेच कमी दिसतो. आणि बिल व माल दोन्ही राहून गेले तर नफा बरोबर येतो, पण मालमत्ता आणि देणी दोन्ही कमी दिसतात. दुकानाला किती देणं आहे हे पाहून कर्ज ठरवणाऱ्या बँकेची यात फसगत होते. तिन्ही वेळा तेरीज जुळते. संगणकावर हिशेब ठेवला तरी यात फरक पडत नाही; नावे आणि जमा सारखे नसतील तर संगणक नोंद घेत नाही, पण जी नोंद केलीच नाही तिच्याविषयी तो काय सांगणार?

म्हणून ही चूक बेरजेत शोधून सापडत नाही, कागदांत शोधावी लागते. मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा घ्यायचा आणि माल आल्याची प्रत्येक चलन बिलाशी लावून पाहायची: माल कोणत्या तारखेला आला, नोंद कोणत्या तारखेला झाली. प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याकडून ३१ मार्चचा खातेउतारा मागवायचा. त्याच्या वहीत आपलं नाव जितक्या रकमेला आहे, तितक्याच रकमेला आपल्या वहीत त्याचं असायला हवं. फरक आला तर बहुधा एखादं बिल, परतीचा माल किंवा वाटेतला चेक निघतो. जीएसटीच्या पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होतं. व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेली आधीच्या महिन्याची बिलं त्यात असतात, त्यामुळे खणात राहिलेलं बिल तिथे सापडण्याची चांगली शक्यता असते. आणि जुन्या वर्षांचा हिशेब पाहताना विक्रीच्या मानाने नफा एका वर्षी अचानक चढलेला आणि पुढच्याच वर्षी तितकाच उतरलेला दिसला, तर आधी त्या दोन वर्षांमधल्या मार्च-एप्रिलच्या बिलांची फाइल काढावी आणि तारखा पाहाव्यात.