एकवीस दिवसांचं गणित

केमोचा पहिला डोस झाला, डे-केअरमधून घरी सोडताना सांगितलं, ‘एकवीस दिवसांनी या.’ एवढ्यावर घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, इतके दिवस औषध बंद ठेवलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल. दुसऱ्याचं म्हणणं, एकवीसचे अठ्ठावीस झाले तर काय बिघडतं, गणपती तोंडावर आलेत, तेवढे उरकून घेऊ. बोरिवलीहून परळला टाटा हॉस्पिटल गाठणारी कुटुंबं असोत, नाहीतर अंधेरी-मुलुंडच्या खासगी रुग्णालयांत जाणारी. दोन्ही तट सगळीकडे सापडतात. दोघांचा एक समज मात्र सारखाच असतो. मधले आठवडे म्हणजे पेशंटला दिलेली सुट्टी, असं दोघंही धरून चालतात. प्रत्यक्षात ते दिवस अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त तयार करणाऱ्या गराच्या, वेळापत्रकावरून ठरलेले असतात.

गैरसमज: एकदाच मोठा डोस दिला, तर मधे थांबावं लागणार नाही.

केमोची बहुतेक औषधं विभाजन होत असलेल्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी भराभर दुणावतात म्हणून त्या सापडतात. पण शरीरात सतत दुणावणाऱ्या पेशी आणखीही आहेत: केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, आणि सगळ्यात जास्त अस्थिमज्जेत. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात, म्हणून मज्जेला त्या रोज अब्जावधींनी घडवाव्या लागतात. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात, लाल पेशी सुमारे १२० दिवस. म्हणूनच केमोनंतर आधी पांढऱ्या पेशी पडतात, हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं.

एका डोसात औषध ठरावीक संख्येने नाही, तर ठरावीक प्रमाणात पेशी मारतं. अमेरिकेत हॉवर्ड स्किपर यांनी १९६०च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर हे दाखवलं. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. समजा एका डोसात ९९ टक्के मेल्या, तर १ कोटी उरतात. तीन आठवड्यांत त्या दुप्पट, २ कोटी झाल्या. दुसऱ्या डोसानंतर २ लाख उरल्या, त्या ४ लाख झाल्या, तिसऱ्यानंतर ४ हजार, त्या ८ हजार, चौथ्यानंतर ८०. हे कागदावरचं गणित आहे. खऱ्या गाठीत मरण्याचं प्रमाण कमी असतं आणि औषधाला दाद न देणाऱ्या पेशीही असतात. पण पुन्हा पुन्हा डोस का लागतात आणि गाठ स्कॅनवर दिसेनाशी झाल्यावरही उरलेल्या सायकल का पूर्ण करायच्या, ते यातून कळतं. काही हजार पेशी कुठल्याच स्कॅनवर दिसत नाहीत.

हेच गणित दुसऱ्या तटालाही उत्तर देतं. तीनऐवजी सहा आठवड्यांनी डोस दिला तर मधल्या काळात पेशी चौपट होतील. १ कोटीच्या ४ कोटी, मग ४ लाख, त्यांच्या १६ लाख, मग १६ हजार, त्यांच्या ६४ हजार, आणि चौथ्या डोसानंतर ६४०. औषध तेवढंच, डोसही चारच. फक्त अंतर वाढल्याने आठपट पेशी उरल्या. मज्जा सावरेल तेवढंच अंतर ठेवायचं, त्यापुढे एकही दिवस फुकट द्यायचा नाही, असा हा सौदा आहे.

गैरसमज: आता बरं वाटतंय, म्हणजे काउंट भरून आले.

स्तनाच्या कॅन्सरवरची एक जुनी आणि आजही वापरात असलेली सायकल घेऊ: लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन आणि त्यासोबत सायक्लोफॉस्फमाइड, दर एकवीस दिवसांनी, चार वेळा. मुलुंडच्या एका पन्नाशीतल्या बाईंना ती चालू आहे असं धरू. पहिले तीन-चार दिवस मळमळ, तोंडाला चव नाही. आठव्या-नवव्या दिवशी त्या उठून स्वयंपाकाला लागतात, शेजारीण म्हणते, ‘चेहऱ्यावर तेज आलं.’ आणि नेमकं याच सुमारास त्यांच्या पांढऱ्या पेशी तळाकडे घसरत असतात.

असं उलटं का होतं? मज्जेच्या कोठीत तयार न्यूट्रोफिलांचा काही दिवसांचा साठा असतो. औषध घाव घालतं ते साठ्यावर नाही, तर मागच्या फळीत दुणावत असलेल्या कोवळ्या पेशींवर. त्यामुळे पहिला आठवडा साठा पुरतो आणि काउंट ठीक दिसतात. मग साठा संपतो, मागून माल येत नाही, आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास काउंट तळाला पोहोचतो. सगळ्यात मागच्या मूळ पेशी बहुतेक वेळ निद्रिस्त असतात म्हणून त्या बचावतात. त्याच जाग्या होऊन फळी पुन्हा उभी करतात. त्यांच्यापासून पक्का न्यूट्रोफिल घडायला दीड-दोन आठवडे जातात. या सगळ्याची बेरीज एकविसाव्या दिवसाजवळ येते. प्रत्येक औषधाची बेरीज मात्र एवढीच नसते. मेंदूच्या गाठीवर वापरलं जाणारं कार्मुस्टिन मज्जेला चार ते सहा आठवड्यांनी तळाला नेतं, म्हणून त्याची सायकल सहा किंवा आठ आठवड्यांची. उलट, व्हिन्क्रिस्टिन मज्जेला फारसं छेडत नाही, ते दर आठवड्यालाही देता येतं.

मूळ पेशी जाग्या होऊन दुणावत असताना पुढचा डोस दिला तर त्याही औषधाच्या तावडीत येतात, आणि पुढची घसरण अधिक खोल जाते. ‘काउंट वाढवायचं इंजेक्शन’ केमोच्या दिवशीच मागू नये ते याचसाठी. ते इंजेक्शन मज्जेला दुणावायला लावतं, म्हणून केमोनंतर किमान २४ तास जाऊ देतात. लांब टिकणारं इंजेक्शन असेल, तर त्यानंतर साधारण चौदा दिवस केमो देत नाहीत. या इंजेक्शनच्या आधारावर तीन आठवड्यांची सायकल दोन आठवड्यांवर आणता येते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचा फायदा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसला. पपईच्या पानांच्या रसाने एकवीसचे चौदा होतात असं मात्र कुणीही दाखवलेलं नाही.

आता विसावा दिवस. घराजवळच्या लॅबमध्ये सीबीसी केलं, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. एकूण पांढऱ्या पेशी ३२००, शेजारी लाल अक्षरात ‘कमी’ छापलेलं. घरी रडारड. पण डे-केअरमधल्या सिस्टर तो आकडा बघून थांबत नाहीत, न्यूट्रोफिलांची टक्केवारी बघतात. ती ५२. म्हणजे ३२००चे ५२ टक्के, १६६४. बहुतेक ठिकाणी १५०० न्यूट्रोफिल आणि एक लाख प्लेटलेट असल्या की डोस देतात. काही सायकलींत १०००वरही चालतं. केमो होते.

पुढच्या खेपेला एकूण ३१००, टक्केवारी ३६. हिशेब १११६. सूनबाई विचारतात, ‘सिस्टर, सुट्टी काढून आलोय, थोडा कमी डोस नाही का देता येणार?’ उत्तर येतं, ‘ताई, पाच दिवसांनी पुन्हा रक्त बघू, तेव्हा पूर्ण डोस देऊ.’ बरा करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतील तर डॉक्टरांचा कल असाच असतो. कारण इटलीच्या बोनाडोना यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९५ साली दाखवलं होतं की ठरलेल्या डोसाच्या ८५ टक्क्यांहून कमी औषध मिळालेल्या बायकांना शस्त्रक्रियेनंतरच्या केमोचा फायदा फारसा झाला नाही.

दहाव्या दिवसाचं आणखी एक आहे. त्या सुमारास ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जायचं. न्यूट्रोफिल ५००च्या खाली असताना पू होत नाही, सूज दिसत नाही, ताप हीच एकमेव खूण असते. आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. पावसाळ्यात उपनगरांत फसगत होते ती इथे. मलेरिया-डेंगीची साथ असते, ‘व्हायरल आहे, तीन दिवस बघू’ म्हणून पॅरासिटामॉल दिलं जातं, आणि ती गोळी ताप झाकून टाकते. शेजारच्या डॉक्टरांना आधी केमोची तारीख सांगायची, लक्षणं नंतर.

गैरसमज: थोडं थोडं दर आठवड्याला दिलं की काम तेच होतं, त्रास कमी.

हा प्रश्न टाटा हॉस्पिटलमध्ये खराखुरा तपासला गेला. तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत सिस्प्लाटिन देतात. पाठ्यपुस्तकातली पद्धत दर तीन आठवड्यांनी शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, अशी तीन वेळा. आपल्याकडे त्याऐवजी दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम देण्याचा प्रघात पडला होता, सोपं म्हणून. ३०० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून केलेली तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी त्या जागचा आजार आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के होतं, आठवड्याच्या गटात ५८.५. तीव्र त्रास मात्र आठवड्याच्या गटात कमी होता, ७१.६ टक्के विरुद्ध ८४.६. एकूण आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही. नंतर जपानमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आठवड्याला ४० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा ते तीन आठवड्यांच्या पद्धतीपेक्षा कमी पडलं नाही. माझ्या मते यातून कळतं ते एवढंच: आठवड्याची पद्धत मुळात वाईट नव्हे, पण एकूण औषध किती पोहोचलं हे बघितल्याशिवाय तिला ‘हलकी’ म्हणून पसंत करता येत नाही.

गैरसमज: शेजारच्या काकांना रोज गोळ्या आहेत, मधे गॅप नाहीच, म्हणजे आपले डॉक्टर चुकतात.

काकांचा आजार आणि उद्देश वेगळा असतो. लहान मुलांच्या एका प्रकारच्या ल्युकेमियात शेवटच्या लांब टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन रोज देतात, पण काउंट बघून डोस सतत कमी-जास्त करतात. टाटामध्येच तोंड-घशाच्या, बरा न होणाऱ्या किंवा उलटलेल्या कॅन्सरसाठी स्वस्त गोळ्यांची एक पद्धत तपासली गेली: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज दोनदा. डोस इतका लहान, की मज्जेला मोकळे आठवडे द्यावे लागत नाहीत. ४२२ रुग्णांच्या चाचणीत, २०२०च्या अहवालानुसार, या गोळ्या घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ७.५ महिने आलं, तीन आठवड्यांच्या सिस्प्लाटिनवाल्यांचं ६.१. गाठ पूर्ण घालवण्यासाठी जिथे केमो चालू आहे, तिथे हे आकडे लावू नयेत.

या गोळ्यांतही अंतर आहेच, सात दिवसांचं, आणि ते चुकलं तर महागात पडतं. मेथोट्रेक्सेटचा आठवड्याचा डोस कुणी चुकून रोज घेतला, तर काही दिवसांतच तोंड सोलवटतं, पाठोपाठ काउंट कोसळतात, आणि उतारा म्हणून ल्युकोव्होरिन द्यावं लागतं. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ न लिहिता ‘दर सोमवारी’ असा वार घालून घ्यावा, आणि घरातल्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ही पट्टी ठेवू नये.