दिसलेला भाव आणि पडलेला भाव

२१ जून २०१७ रोजी अमेरिकेतल्या जीडॅक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर इथरचा भाव ३१७.८१ डॉलर होता. कॉइनबेस कंपनीच्या या एक्स्चेंजवर त्या दिवशी कुणीतरी लाखो डॉलरचे इथर विकायला काढले. भाव किती हवा हे त्याने लिहिलंच नाही. ‘मिळेल त्या भावाला विका’ एवढाच त्या ऑर्डरचा अर्थ होता. समोर जेवढ्या खरेदीच्या बोल्या लागल्या होत्या, त्या वरून खाली एकेक करून या ऑर्डरने उचलल्या आणि तिचं शेवटचं नाणं २२४.४८ डॉलरला गेलं.

तेवढ्यावर ते थांबलं नाही. भाव अमुक पातळीखाली गेला की आपोआप विक्री व्हावी, अशा स्टॉप लॉस ऑर्डर अनेकांनी लावून ठेवल्या होत्या. घसरणीने त्या जाग्या झाल्या. उधारीवर घेतलेले सौदेही आपोआप मोडले जाऊ लागले. अशा सुमारे ८०० विक्री एकामागून एक, त्याही मिळेल त्या भावाला, बाजारात येऊन कोसळल्या. क्षणभर इथरचा भाव १० सेंट झाला. कुणीतरी दहा सेंटची खरेदीची बोली सहज लावून ठेवली होती, तिलाही माल मिळाला. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कंपनीने नंतर स्वतःच्या पैशांतून भरपाई दिली, पण ती कंपनीची मर्जी होती. झालेले सौदे रद्द झाले नाहीत.

ही गोष्ट मोठ्या रकमेची आहे. पण त्यामागचं यंत्र पाच-पन्नास हजारांच्या सौद्यातही तसंच चालतं. बायनान्ससारख्या परदेशी एक्स्चेंजचा सौद्याचा पडदा पहिल्यांदा उघडणाऱ्याला हे यंत्र तिथेच, डोळ्यांसमोर दिसत असतं. फक्त कुठे पाहायचं ते ठाऊक हवं.

पडद्यावर सगळ्यांत ठळक असतो तो मोठ्या अक्षरातला भाव. नवखा माणूस त्यालाच आजचा दर समजतो. तो असतो शेवटच्या झालेल्या सौद्याचा भाव, म्हणजे भूतकाळ. पुढचा सौदा कोणत्या भावाला होईल हे बाजूच्या आकड्यांच्या रांगांत असतं. तिला ऑर्डर बुक म्हणतात. वरच्या लाल रांगा विकणाऱ्यांच्या, खालच्या हिरव्या रांगा घेणाऱ्यांच्या. प्रत्येक रांगेत दोन गोष्टी असतात: भाव, आणि त्या भावाला किती माल आहे. दुसरा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि पैसे तिथेच जातात.

एक सौदा पूर्ण करून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. एका लहान, कमी उलाढालीच्या नाण्याचा भाव २ यूएसडीटी दिसतोय. यूएसडीटी म्हणजे एका डॉलरच्या आसपास राहणारं नाणं. या एक्स्चेंजवर बहुतेक हिशेब त्यातच चालतात. विकणाऱ्यांच्या रांगा अशा आहेत: २.००० ला १०० नाणी, २.०१० ला १५०, २.०५० ला २००, २.१२० ला ४००. घेणाऱ्याला ५०० नाणी हवी आहेत. तो मनात हिशेब करतो, हजार यूएसडीटी लागतील. `Market` निवडतो, `Buy` दाबतो.

ऑर्डर पहिली रांग रिकामी करते: १०० नाणी, २०० यूएसडीटी. मग दुसरी: १५० नाणी, ३०१.५०. तिसरी: २०० नाणी, ४१०. अजून ५० नाणी बाकी आहेत, ती चौथ्या रांगेतून २.१२० ने, म्हणजे १०६ यूएसडीटीला. एकूण १,०१७.५० यूएसडीटी. सरासरी भाव पडला २.०३५. दिसलेल्या भावापेक्षा साडेसतरा यूएसडीटी जास्त गेले. याला या धंद्यात स्लिपेज म्हणतात. यात कुणी फसवलं नाही. ‘मिळेल त्या भावाला’ असं सांगितलं होतं, तसाच माल मिळाला.

आता फी. बायनान्सवर साध्या खातेदाराला स्पॉट सौद्यावर ०.१ टक्का फी पडते, असं तिचं दरपत्रक सांगतं. ऑर्डरच्या चौकटीखाली `Est. Fee` अशी बारीक ओळ असते, तीही अंदाज तेवढाच देते. या सौद्यात ही फी होते अर्ध्या नाण्याएवढी, म्हणजे साधारण १.०२ यूएसडीटी. एका बाजूला सव्वा रुपयाच्या टिकलीसारखी ही फी, जी सगळे पाहतात, एक्स्चेंजा-एक्स्चेंजांत तुलना करतात. दुसऱ्या बाजूला तिच्या सतरापट असलेला खर्च, जो फीच्या कुठल्याही ओळीत कधीच दिसत नाही. परदेशी एक्स्चेंज स्वस्त आहे की महाग हे ठरवताना हा दुसरा खर्च मोजला नाही, तर ती तुलना अर्धवटच आहे.

सौदा झाल्यावर `Trade History` उघडायचं. एकदाच बटण दाबलं होतं, तरी तिथे चार ओळी दिसतात, कारण माल चार भावांना मिळाला. `Price` स्तंभात चार वेगळे भाव, `Executed` मध्ये १००, १५०, २००, ५०. `Fee` स्तंभात ०.१०, ०.१५, ०.२०, ०.०५, आणि त्यांच्यापुढे यूएसडीटी नव्हे, तर विकत घेतलेल्या नाण्याचंच नाव. इथे पुष्कळांची गल्लत होते. खरेदीवरची फी सहसा मिळालेल्या नाण्यातूनच कापली जाते, विक्रीवरची फी मिळालेल्या यूएसडीटीतून. म्हणून घेतली ५००, खात्यावर ४९९.५. दुसऱ्या दिवशी हा माणूस ५०० विकायला जातो, तर शिल्लक अपुरी असल्याचा संदेश येतो. आणि त्या नाण्याची विक्री फक्त पूर्ण संख्येतच होत असेल, तर ४९९ विकली जातात आणि अर्धं नाणं खात्यात धुळीसारखं पडून राहतं.

बायनान्सवर फी त्यांच्याच बीएनबी या नाण्यातून भरायची सोय आहे. ती चालू केली की स्पॉट फीवर २५ टक्के सूट मिळते आणि ५०० च्या ५०० नाणी हाती पडतात. मात्र मग `Fee` स्तंभात तिसऱ्याच नाण्याचा आकडा येतो, आणि हिशेब ठेवणाऱ्याला त्या वेळचा बीएनबीचा भावही टिपून ठेवावा लागतो.

हाच सौदा लिमिट लावून केला असता तर? `Limit` निवडल्यावर भावाची चौकट भरावी लागते. तिथे २.०१० लिहिलं आणि ५०० नाणी मागितली, तर पहिल्या दोन रांगांतली २५० नाणी लगेच मिळतात, ५०१.५० यूएसडीटीला. पुढची रांग २.०५० ची आहे. तिला हात लावायची परवानगीच ऑर्डरला नाही. उरलेल्या २५० ची मागणी २.०१० वर हिरव्या रांगांत जाऊन उभी राहते आणि `Open Orders` मध्ये दिसते. कुणी त्या भावाला विकायला आलं तर एकूण खर्च १,००४ यूएसडीटी. मार्केट ऑर्डरपेक्षा साडेतेरा कमी.

कुणी आलंच नाही तर मात्र २५० नाणी मिळत नाहीत. भाव २.२० वर निघून गेला, तर तो पाहत बसावं लागतं. लिमिट ऑर्डर भावाची हमी देते, सौद्याची नाही. मार्केट ऑर्डरचं बरोबर उलटं. शेअर बाजारात वावरलेल्यांना हे ठाऊक असतं. पण क्रिप्टोत एक बारकावा जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि तो फीशी जोडलेला आहे.

`Trade History` मध्ये `Role` नावाचा स्तंभ असतो. त्यात `Taker` किंवा `Maker` लिहिलेलं असतं. रांगेत आधीपासून उभा असलेला माल उचलणारा टेकर, आणि रांगेत उभा राहून वाट पाहणारा मेकर. लिमिट लावली म्हणजे आपण मेकर झालो, असं अनेक जण धरून चालतात. ते चूक आहे. वरच्या उदाहरणात लिमिट असूनही पहिली २५० नाणी टेकर म्हणूनच पडली, कारण ती समोरच्या रांगेतून लगेच उचलली गेली. बायनान्सच्या पहिल्या पायरीवर दोघांची फी सारखीच असल्याने हा फरक खिशाला जाणवत नाही. क्रॅकेन प्रोच्या २०२५ च्या दरपत्रकात मात्र पहिल्या पायरीवर मेकरला ०.२५ आणि टेकरला ०.४० टक्के होते, म्हणजे हजार डॉलरच्या सौद्यावर अडीच आणि चार. जिथे असा फरक आहे तिथे `Post Only` ही खूण उपयोगी पडते. ऑर्डर लगेच पूर्ण होणार असेल, तर एक्स्चेंज ती स्वीकारतच नाही. रांगेत उभी राहणार असेल तरच घेते.

`Convert` नावाच्या सोप्या पानावर फी शून्य लिहिलेली असते. तिथे फीची ओळ नाही, पण एक्स्चेंज देते त्या भावातच तिचा वाटा मिसळलेला असतो. तो किती, हे कळायला एकच उपाय आहे: त्याच क्षणी ऑर्डर बुकातला भाव शेजारी उघडून ताडून पाहायचा.

भारतातल्या वाचकाला यात आणखी एक काटा आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीनुसार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. विकताना कापली गेलेली फी नफा कमी करत नाही. पण मार्केट ऑर्डरमुळे जास्त भावात पडलेली खरेदी ही खरेदीची किंमतच असते. म्हणून चारही ओळींचे भाव जपून ठेवायला हवेत; पडद्यावर दिसलेला २ चा भाव करसल्लागाराच्या काहीच कामाचा नाही. बायनान्सने १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाल्यावर २०२४ मध्ये भारतात पुन्हा काम सुरू केलं, तेव्हापासून हा पडदा मराठी घरांतल्या फोनवर परत आला आहे, आणि या नोंदी ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे.

वरच्या सौद्यात १,०१७.५० यूएसडीटी देऊन हाती आली ४९९.५ नाणी. विकतानाची ०.१ टक्का फी धरली, तर हे नाणं सुमारे २.०४ ला विकलं जाईल तेव्हा कुठे बरोबरी होते. घेतलं त्या वेळी पडद्यावर २ दिसत होता. नवा सौदा करणाऱ्याने पहिल्यांदा अगदी थोड्या रकमेची मार्केट ऑर्डर टाकावी, लगेच `Trade History` उघडून ओळी मोजाव्यात, एकूण दिलेल्या रकमेला हाती आलेल्या नाण्यांनी भागावं आणि तो आकडा बटण दाबण्याआधी दिसलेल्या भावाशेजारी कागदावर लिहावा. मोठी रक्कम त्यानंतरच लावावी.