डबे की घाणा? आधी दोन वह्या करा

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका कुटुंबापुढे दोन विचार आहेत. घरच्या स्वयंपाकघरातून जेवणाचे डबे सुरू करायचे, किंवा बाजारपेठेत गाळा घेऊन शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकायचा. डब्यांना ८०,००० रुपये लागतात, घाण्याला ४ लाख. बहुतेक घरांत चर्चा इथेच संपते. कुणी म्हणतं, पाचपट पैसे कशाला अडकवायचे? दुसरा म्हणतो, घाण्याला महिन्याला २२,००० सुटतात आणि डब्यांना १६,०००, मग घाणाच बरा. पहिल्याने फक्त सुरुवातीचा खर्च पाहिला, दुसऱ्याने फक्त महिन्याचा. दोघांचेही आकडे बरोबर असले तरी एवढ्यावरून निवड करता येत नाही.

खर्च दोन वह्यांत मांडला की चित्र वेगळं दिसतं. पहिल्या वहीत एकदाच होणारा खर्च, म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तरी झालेला आणि उद्या दुप्पट आलं तरी पुन्हा न होणारा. दुसऱ्या वहीत धंदा चालू ठेवण्यासाठी महिन्याला लागणारा खर्च. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे भाव घालून ते बदलावेत, रीत तीच राहते.

पहिली वही भरताना लगेच अडायला होतं, कारण सुरुवातीला खिशातून गेलेला प्रत्येक रुपया खर्च नसतो. घाण्याच्या ४ लाखांत यंत्र आणि मोटर २,२०,०००, थ्री फेजची जोडणी, वायरिंग आणि पाया ३०,०००, तेल निवळायच्या टाक्या, वजनकाटा आणि पॅकिंगचं सामान २५,०००, परवाना आणि पाटी ५,००० असे २,८०,००० आहेत. उरलेल्यातले ५०,००० ही गाळ्याची अनामत आहे, गाळा सोडताना ती परत मिळते. शेवटचे ७०,००० पहिल्या खेपेचे शेंगदाणे आणि बाटल्या यांत गुंतलेले आहेत. ते खेळतं भांडवल. तेल विकलं की पैसे परत येतात आणि पुन्हा शेंगदाण्यात जातात. अनामत आणि खेळतं भांडवल उभं करावं लागतं, धंदा चालेपर्यंत ते अडकून राहतं, पण ते बुडालेलं नसतं. म्हणून त्यांना पहिल्या वहीतच वेगळं पान द्यावं. घाण्याचा खरा एकदाचा खर्च २,८०,०००.

डब्यांच्या ८०,००० मध्ये ८,००० व्यावसायिक सिलिंडरची अनामत आहे. बाकी ७२,०००. त्यात चाळीस गिऱ्हाइकांसाठी ऐंशी डबे येतात, कारण एक डबा गिऱ्हाइकाकडे असताना दुसरा भरावा लागतो. पहिल्यांदा हिशेब करणारे इथे नेमके निम्मे डबे धरतात आणि तिसऱ्या दिवशी धावपळ सुरू होते.

आता दुसरी वही. डबा ७० रुपयांना जातो. किराणा, भाजी, गॅस मिळून ४२ आणि पोचवणाऱ्याचे ५ वजा जाता डब्यामागे २३ उरतात. रोज ४० डबे, महिन्याला २६ दिवस, म्हणजे जवळपास २४,०००. पोळ्या करणाऱ्या मदतनीस बाईंचे ८,००० गेले की १६,००० हाती राहतात.

घाण्याचा हिशेब शंभर किलो शेंगदाण्यांवर धरू. ११० रुपये किलोने ११,००० चा माल. त्यातून ३८ किलो तेल निघालं, ते ३४० रुपयांनी १२,९२० झालं. सुमारे ६० किलो पेंड जनावरांसाठी ४० रुपयांनी गेली, तिचे २,४००. बाटल्या आणि वीज यांचे साधारण ५२० वजा करा. शंभर किलोमागे ३,८०० उरतात. महिन्याला १,००० किलो दाणे गाळले तर ३८,०००. गाळ्याचं भाडं, मदतनीसाचा पगार, विजेचा स्थिर आकार आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून १६,००० गेले की २२,००० राहतात. दुरुस्तीची रक्कम वगळू नये. घाण्याचं लाकूड घासतं आणि कधीतरी बदलावंच लागतं. तो खर्च आला की अचानक वाटतो, पण पहिल्या दिवसापासून तो थोडा थोडा होतच असतो.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की खरा प्रश्न समोर येतो. घाण्याला एकदाचा खर्च २,०८,००० ने जास्त आहे आणि महिन्याला तो सुमारे ६,००० जास्त देतो. भागाकार केला तर ३५ महिने येतात. तोवर एकूण हिशेबात डबेच पुढे असतात, आणि घाण्याचा फायदा सुरू होतो तो त्यानंतर. म्हणून ‘कोणता धंदा चांगला’ असं विचारण्याआधी ‘किती वर्षं करणार’ असं विचारायला हवं. पाच-सात वर्षं पाय रोवून बसणाऱ्याला घाणा फायद्याचा. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांनी शहरात जायचं ठरलेलं असेल, तर डबे.

वर्षभरात बंद करावं लागलं तर? डब्यांनी तोवर १,९२,००० दिलेले असतील, ७२,००० वजा जाऊन १,२०,००० शिल्लक. घाण्याने २,६४,००० दिले, तरी २,८०,००० वसूल व्हायला १६,००० कमीच. जुनं यंत्र निम्म्या किमतीला गेलं तर ९४,००० हाती येतात. पाया आणि वायरिंग मात्र गाळ्यातच राहतं. एकदाच्या खर्चातला किती भाग विकून परत येईल आणि किती कायमचा गेला, हे पहिल्या वहीत प्रत्येक ओळीपुढे लिहावं ते यासाठी.

दोन वह्या केल्यावरही काही चुका हमखास होतात. सगळ्यात मोठी कर्जाच्या हप्त्याची. यंत्राची किंमत पहिल्या वहीत लिहायची आणि बँकेचा हप्ता दुसऱ्या वहीत, म्हणजे तेच यंत्र दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. अडीच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ५,४०० येतो. पहिल्या महिन्यात त्यातले २,३०० व्याज असतं, उरलेली मुद्दल. व्याज दुसऱ्या वहीत जातं. मुद्दल म्हणजे यंत्राचीच किंमत, ती पहिल्या वहीत आलेली आहे. घसाऱ्याचंही तसंच. २,८०,००० सात वर्षांवर पसरले तर महिन्याला ३,३०० पडतात. दरमहाची तुलना करायची असेल तर घसारा वजा करावा. एकूण खर्च आणि एकूण मिळकत मांडून ३५ महिने काढले, तसं करायचं असेल तर करू नये. दोन्ही एकदम करणारा माणूस चांगला धंदा वाईट ठरवून बसतो.

दुसरी चूक उलट्या दिशेची. घाण्याला पहिल्या दिवशी शंभर घरं तेल न्यायला येत नाहीत. पहिले चार महिने सरासरी २०० किलोच दाणे गाळले गेले, तर महिन्याला ७,६०० उरतील आणि १६,००० जातील. चार महिन्यांचा तोटा ३३,६००. हा खर्च भाड्याच्या आणि पगाराच्या रूपाने दिसतो, पण गिऱ्हाईक जमल्यावर पुन्हा होत नाही. तो पहिल्या वहीतलाच आहे आणि त्याची रक्कम सुरुवातीलाच हाताशी हवी. कितीतरी चांगली यंत्रं बंद पडतात ती या चार महिन्यांच्या तयारीअभावी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुतेक हिशेबांत नसते. घरच्या बाईचे तास. डब्यांसाठी ती पहाटे पाच ते अकरा उभी असते, महिन्याला १५६ तास. घाण्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, २३४ तास. घसारा वजा करून डब्यांचे १४,५०० आणि घाण्याचे १८,७०० धरले, तर डब्यांना तासाला ९३ रुपये पडतात, घाण्याला ८०. महिन्याला जास्त पैसे देणारा धंदा तासाला कमी देतो. तिच्या श्रमाला पगाराची ओळ नाही म्हणून तो खर्च नाही, असं मानणारा हिशेब अपुराच नाही, अन्यायाचाही आहे.

मग घाणा नकोच का? तसंही नाही. एकदाच्या मोठ्या खर्चातून मालकीची क्षमता येते. मागणी वाढून महिन्याला २,००० किलो दाणे गाळायचे झाले तर तेच यंत्र, तोच गाळा पुरतो. ७६,००० मधून तेच १६,००० जातात आणि ६०,००० उरतात. डबे ४० वरून ८० झाले तर आणखी एक मदतनीस लागते, आणखी ऐंशी डबे लागतात. मिळकत जेमतेम दुप्पट होते आणि पहिली वही पुन्हा उघडावी लागते.

पण घाण्याचा रोजचा हिशेब नाजूक आहे. शेंगदाणा किलोमागे १० रुपयांनी चढला आणि तेलाचा भाव वाढवता आला नाही, तर २२,००० चे १२,००० होतात. दाणे जुने किंवा निकृष्ट आले आणि ३८ ऐवजी ३५ किलो तेल निघालं, तरी शंभर किलोमागे सुमारे ९०० जातात. हे महिन्याच्या शेवटी कळून उपयोग नाही. प्रत्येक घाणीला दाणे, तेल आणि पेंड तिन्ही तोलून लिहावं. तेल घटलं आणि पेंडीचं वजन वाढलं, पेंड हाताला तेलकट लागली, की तेल पेंडीतच राहतंय हे त्याच दिवशी समजतं.

अनुदानाची नोंदही योग्य वहीत हवी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची रचना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अशी आहे. ती रक्कम बँकेच्या कर्जाशी जोडलेली असते. कर्जखातं नियमित आणि उद्योग चालू राहिला तर तीन वर्षांनी ती कर्जात वळती होते. त्यामुळे पहिल्या वहीतला आकडा खाली येतो, दुसऱ्या वहीतलं भाडं आणि पगार तेवढेच राहतात. अनुदान आहे म्हणून यंत्र घेणाऱ्याने दुसरी वही अनुदान नसल्यासारखी तपासावी.

घाणाच घ्यायचा ठरला, तर यंत्राची आगाऊ रक्कम देण्याआधी गाळेमालकाशी बोला. आपल्याकडे ११ महिन्यांचा करार करायची सवय आहे, आणि या हिशेबात घाणा डब्यांच्या पुढे जायला ३५ महिने लागतात. किमान तीन वर्षांचा, दरवर्षीची भाडेवाढ लिहिलेला करार करून घ्या आणि तो नोंदवून घ्या. मालक तयार नसेल तर त्या गाळ्यात पाया खोदू नका.