वजनांची यादी : ग्रॅममध्ये लिहा, किलोमध्ये वाचा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्यापैकी अनेकजणी आता हिशेब वहीऐवजी संगणकावर, एक्सेलमध्ये ठेवतात. वजन तिथे ग्रॅममध्येच टाकावं, कारण बेरीज सोपी जाते. पण डबे भरणाऱ्या बाईच्या हातात यादी द्यायची तर ‘१२००’ ह्या आकड्यापेक्षा ‘१ किलो २०० ग्रॅम’ हे शब्द बरे. मग काहीजणी काय करतात? हजारने भागून मोकळ्या होतात. इथेच गोची होते, बरं का! १०५० ग्रॅमचे होतात १.०५ किलो, आणि घाईत हा आकडा दीड किलो म्हणून सहज वाचला जातो. करंज्या ६०० रुपये किलोने दिल्या, तर ह्या ४५० ग्रॅमच्या फरकाचे २७० रुपये गेलेच म्हणून समजा.

यावर उपाय म्हणजे संगणकाकडूनच किलो आणि ग्रॅम वेगळे लिहून घेणे. समजा A ह्या रकान्यात पदार्थांची नावं आहेत आणि B मध्ये ग्रॅम : चकली १२००, शेव ८५०, चिवडा २०००, करंजी १०५०. पहिली ओळ मथळ्याची, म्हणून चकली दुसऱ्या ओळीत येते. आता C2 ह्या चौकटीत असं लिहा :

```
=INT(B2/1000)&" किलो "&MOD(B2,1000)&" ग्रॅम"
```

ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. शाळेतला भागाकार आठवा. INT म्हणजे भागाकारातला पूर्णांक आणि MOD म्हणजे उरलेली बाकी. १२०० ला १००० ने भागलं, भाग गेला १, बाकी उरली २००. & हे चिन्ह नुसतं जोडकाम करतं, आणि अवतरणचिन्हांत लिहिलेले शब्द जसेच्या तसे उमटतात.

हेच सूत्र खालच्या ओळींत उतरवलंत की चकली आणि करंजी छान दिसतील. पण शेवेपुढे ‘० किलो ८५० ग्रॅम’ आणि चिवड्यापुढे ‘२ किलो ० ग्रॅम’ असं येईल. असं कोणी बोलतं का? तेव्हा शून्य असेल तो भाग गाळायला सांगायचं :

```
=TRIM(IF(B2>=1000,INT(B2/1000)&" किलो ","")&IF(MOD(B2,1000)>0,MOD(B2,1000)&" ग्रॅम",""))
```

IF म्हणजे ‘जर’. वजन हजार किंवा त्याहून जास्त असेल तरच किलो लिही, बाकी उरली तरच ग्रॅम लिही. TRIM शेवटी राहिलेली रिकामी जागा कापून टाकतं. आता यादी अशी दिसेल :

```
चकली   1200   1 किलो 200 ग्रॅम
शेव     850    850 ग्रॅम
चिवडा   2000   2 किलो
करंजी   1050   1 किलो 50 ग्रॅम
```

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. C मधला मजकूर फक्त वाचण्यासाठी आहे. संगणकाच्या लेखी ते शब्द आहेत, आकडे नव्हेत. त्यांची SUM ने बेरीज मागाल तर उत्तर येईल शून्य. चढत्या क्रमाने लावायला सांगाल तर ‘१० किलो’ हे ‘२ किलो’च्या आधी येऊन बसेल, कारण तो पहिलं अक्षर पाहतो. म्हणून B चा रकाना कधीही पुसू नका. बेरीज तिथेच करा आणि बेरजेपुढे हेच सूत्र उतरवा. आपल्या यादीची बेरीज ५१०० आहे, म्हणजे ‘५ किलो १०० ग्रॅम’. तोंडी पडताळा घ्या : ग्रॅम २०० + ८५० + ५० = ११००, त्यातला हातचा एक किलो; किलो १ + २ + १ = ४, हातचा धरून ५. जुळलं!

C मध्ये #VALUE! असं काही उमटलं, तर बहुधा B मध्ये कोणीतरी आकड्यासोबत ‘ग्रॅम’ हा शब्दही टाकलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. निव्वळ आकडा आपणहून चौकटीच्या उजव्या कडेला सरकतो, शब्द मिसळला की डावीकडे चिकटतो. शब्द काढून टाका, काम सुरळीत होईल.

वाटणी करताना अपूर्णांक येतात, तेवढे जपा. ५९९९ ग्रॅम तिघींत वाटले तर वाट्याला १९९९.६७ येतात. इथे फक्त बाकी पूर्ण करायला गेलात तर ‘१ किलो १००० ग्रॅम’ असं विचित्र उत्तर मिळेल. म्हणून आधी B मध्येच सबंध वजन पूर्ण करून घ्या :

```
=ROUND(5999/3,0)
```

उत्तर येईल २०००, आणि शेजारी सरळ ‘२ किलो’.